टिक व्हॉल्युमवर किती विश्वास ठेवायचा: युरो-डॉलरच्या चार्टवर स्वतः तपासायची पद्धत

करन्सीच्या चार्टखाली जे उभे दांडे दिसतात ना, त्यावर बघून "ब्रेकआउट व्हॉल्युमसकट आला, घुसा" असं ठरवणारे बरेच जण आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते दांडे नेमके काय मोजतात हे कधी बघितलेलंच नसतं. शेअरच्या चार्टवरची सवय तशीच इकडे आणलेली असते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, युरो-डॉलरची जोडी घेऊन, कारण तिचा डेटा सहज मिळतो आणि पडताळायला खरं व्हॉल्युमही मिळतं.

आधी एवढं पक्कं करा. स्पॉट करन्सीला एक्स्चेंज नाही. बँका, फंड, ब्रोकर हे एकमेकांशी थेट किंवा वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर सौदे करतात, त्यामुळे "आज दुपारी अडीच ते पावणेतीन किती युरो विकले गेले" याचा एकत्र आकडा कुणाकडेच नसतो. बीआयएस म्हणजे जगभरच्या मध्यवर्ती बँकांची जी बँक, तिच्या पाहणीत एप्रिल 2022 मध्ये सगळ्या करन्सी बाजाराची रोजची उलाढाल साधारण 7.5 लाख कोटी डॉलर निघाली होती, पण ती पाहणी तीन वर्षांतून एकदा होते, पंधरा मिनिटांच्या कँडलला तिचा काय उपयोग. मग प्लॅटफॉर्म काय करतो, तर त्या कँडलमध्ये भाव किती वेळा बदलला ते मोजतो. एक बदल म्हणजे एक टिक, आणि अशा टिकची संख्या म्हणजे टिक व्हॉल्युम. लासलगावच्या लिलावात बोली किती वेळा बदलली हे मोजायचं आणि त्यावरून किती क्विंटल कांदा गेला याचा अंदाज बांधायचा, तसला हा प्रकार आहे. अंदाज अगदीच वाया जात नाही, गर्दी असली की बोलीही जास्त बदलते. पण कधी चुकतो ते माहीत हवं.

## तयारी

लागतं ते एवढंच: मेटाट्रेडर 5 वर एक डेमो खातं, शक्यतो दुसऱ्या ब्रोकरचंही एक डेमो, गुगल शीट्स, आणि शिकागोच्या सीएमई एक्स्चेंजवरच्या युरो फ्युचर्सचा चार्ट. या फ्युचर्सचं चिन्ह `6E`, एक कॉन्ट्रॅक्ट 1,25,000 युरोचा. एक्स्चेंजवर चालत असल्यामुळे तिथलं व्हॉल्युम खरं असतं, म्हणजे हात बदललेले कॉन्ट्रॅक्ट. ट्रेडिंगव्ह्यूवर `6E1!` टाकलं की दिसतं, फुकटात थोडं उशिराने दिसतं पण आपल्याला मागचंच तपासायचंय, त्यामुळे चालतं.

सावध: भारतात राहत असाल तर हे सगळं डेमोवरच करा. परदेशी ऑनलाइन फॉरेक्स प्लॅटफॉर्मवर पैसे पाठवून युरो-डॉलर खेळणं फेमा कायद्यात बसत नाही, रिझर्व्ह बँकेने अशा नावांची अलर्ट लिस्टही काढलेली आहे, आणि त्या यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असंही नाही. परदेशात राहणाऱ्यांनी तिथले नियम बघावेत.

## टप्पा 1: चार्टवरचा आकडा नक्की कोणता ते बघा

मेटाट्रेडरमध्ये `Ctrl+U` दाबा, सिम्बॉल्सची खिडकी उघडेल, त्यात `EURUSD` निवडा, `Bars` टॅबवर जा, `M15` आणि मागचे तीनेक महिने घ्या आणि फाइल एक्स्पोर्ट करा. फाइलच्या डोक्यावर ही नावं दिसतील:

```
<DATE> <TIME> <OPEN> <HIGH> <LOW> <CLOSE> <TICKVOL> <VOL> <SPREAD>
```

`TICKVOL` मध्ये आकडे असतील आणि `VOL` मध्ये बहुतेक सगळीकडे शून्य. ते शून्य हेच उत्तर आहे, ब्रोकरकडे खऱ्या व्हॉल्युमचा आकडा नाही. `VOL` मध्ये काही असलंच तरी ते फार तर त्या ब्रोकरच्या स्वतःच्या व्यवहारांचं असेल, बाजाराचं नाही.

आता रंग. हा सगळ्यात जास्त होणारा घोटाळा. मेटाट्रेडरच्या व्हॉल्युम इंडिकेटरमध्ये हिरवा दांडा म्हणजे आधीच्या कँडलपेक्षा टिक जास्त, लाल म्हणजे कमी, बस. त्यात खरेदी-विक्रीचा काहीही संबंध नाही. ट्रेडिंगव्ह्यूवर रंग कँडल वर बंद झाली की खाली यावरून येतो, म्हणजे तोही भावाचाच रंग झाला. "लाल व्हॉल्युम वाढलंय म्हणजे सेलर आलेत" हे वाक्य दोन्हीकडे चूक आहे.

तपासणी: एखादी जोरात पडलेली लाल कँडल शोधा जिचा मेटाट्रेडरमधला दांडा हिरवा आहे. एका दिवसाच्या चार्टवरही दोन-चार सापडतील. नाही सापडली तर तुम्ही दुसराच कुठला तरी इंडिकेटर लावलाय.

## टप्पा 2: घड्याळ एकाच जागी बांधा

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढचं सगळं गणित वाकडं जातं. टिक व्हॉल्युम दिवसभर सारखं नसतं, आशियाच्या सकाळी थंड, लंडन उघडलं की चढतं, न्यूयॉर्क आलं की आणखी चढतं, रात्री उतरतं. त्यामुळे "हा दांडा मागच्या वीस दांड्यांच्या सरासरीपेक्षा मोठा आहे" याचा अर्थ बऱ्याचदा "लंडन उघडलं" एवढाच असतो.

आणि हे तास आपल्या घड्याळात वर्षभर एकाच ठिकाणी राहत नाहीत. लंडनचे सकाळचे 8 म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे 12:30 आणि हिवाळ्यात 1:30. अमेरिकेचे सकाळी 8:30 चे आकडे आपल्याकडे संध्याकाळी 6 ला नाहीतर 7 ला. त्यात अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते आणि युरोप शेवटच्या, म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर एक आठवडा दोघांमधलं अंतरच वेगळं असतं.

म्हणून शीटमध्ये भारतीय वेळ आणूच नका, सर्व्हरची वेळ ठेवा. बऱ्याच ब्रोकरांचा सर्व्हर असा लावलेला असतो की न्यूयॉर्कचे संध्याकाळचे 5 म्हणजे सर्व्हरचे 00:00, आणि तो अमेरिकेबरोबर बदलतो. तसं असेल तर न्यूयॉर्कचे तास आपोआप जागेवर राहतात, लंडनचे मात्र त्या मधल्या आठवड्यांत तासभर सरकतात. ते आठवडे पहिल्या वेळी डेटातून काढूनच टाका.

तपासणी: महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी शक्यतो अमेरिकन नोकऱ्यांचे आकडे येतात. तारीख कॅलेंडरवर बघून घ्या. सर्व्हर वर सांगितल्यासारखा असेल तर ती कँडल 15:30 च्या रांगेत, नेहमीपेक्षा कितीतरी उंच दिसली पाहिजे. चार्टवर मागे जाऊन उन्हाळ्यातली एक आणि हिवाळ्यातली एक अशा दोन तारखा बघा, दोन्ही एकाच वेळेला बसल्या तर सर्व्हर अमेरिकेबरोबर चालतोय.

## टप्पा 3: प्रत्येक कँडलची तुलना तिच्याच वेळेशी करा

आता फाइल शीटमध्ये चढवा, `A` मध्ये तारीख आणि `G` मध्ये टिक येतील. मेटाट्रेडर तारीख टिंबं घालून देतो, ती आधी सरळ करा (`J2` मध्ये टाकून खाली ओढा):

```
=DATEVALUE(SUBSTITUTE(A2,".","-"))
```

मग `K2000` पासून खाली:

```
=G2000/MEDIAN(FILTER(G$2:G1999,B$2:B1999=B2000,J$2:J1999>=J2000-28))
```

हे काय करतं तर मागच्या 28 दिवसांत, म्हणजे सुमारे वीस ट्रेडिंग दिवसांत, याच घड्याळी वेळेला जे टिक होते त्यांचा मधला आकडा काढतं आणि आजच्या टिकला त्याने भागतं. 1 आलं म्हणजे नेहमीसारखं, 2 म्हणजे नेहमीच्या दुप्पट. पंधरा मिनिटांच्या दिवसाला 96 कँडल असतात, म्हणून वीस दिवस भरायला जवळपास दोन हजार ओळी आधी जाऊ द्यायला लागतात. मीडियन घेतलाय, अॅव्हरेज नाही, हे मुद्दाम, कारण एका बातमीच्या दिवसाने अॅव्हरेज महिनाभर फुगलेलं राहतं.

`L` मध्ये कँडलची रेंज काढा (`=D2-E2`), आणि `M` मध्ये वरचंच सूत्र `G` च्या जागी `L` टाकून. ही रेंज लागणारच आहे, आळस करू नका.

सावध: ब्रोकरने भाव घ्यायची बँक किंवा पुरवठादार बदलला की टिकची पातळीच बदलते, बाजारात काही न होता. तसंच जुना इतिहास एका सर्व्हरचा आणि नवा दुसऱ्याचा अशी जोड असली तर मध्ये पायरी दिसते, मेटाट्रेडर 4 च्या हिस्टरी सेंटरमधून उतरवलेल्या डेटात हे होतं कारण तो मेटाकोट्सच्या सर्व्हरवरून येतो, तुमच्या ब्रोकरच्या नाही. रोजचे एकूण टिक एका चार्टवर काढून बघा. एखाद्या तारखेपासून सगळंच दीडपट किंवा निम्मं झालं आणि तसंच राहिलं तर त्या तारखेच्या आधीचा डेटा फेकून द्या.

## टप्पा 4: आता, आणि आताच, खऱ्या व्हॉल्युमशी ताडून बघा

लोक हे पहिल्याच दिवशी करतात. कच्चे टिक आणि `6E` चं कच्चं व्हॉल्युम घेतात, दोन रांगा किती जुळून चालतात ते सांगणारं `CORREL` लावतात, चांगला घसघशीत आकडा येतो आणि समाधान होतं की टिक व्हॉल्युम म्हणजे खरं व्हॉल्युमच की. पण त्या आकड्यात मोठा वाटा घड्याळाचा असतो. दोघंही रात्री झोपतात आणि लंडनला उठतात, एवढ्यानेच जुळणी उंच येते. आपल्याला हवं ते हे, की *आजच्या* साडेतीनला नेहमीच्या साडेतीनपेक्षा जास्त पैसा आला का, आणि ते टिकवरून कळतं का.

म्हणून `6E` च्या व्हॉल्युमवरही टप्पा 3 चं सूत्र लावा आणि मग दोन्ही *भागलेल्या* रांगांमध्ये `CORREL` काढा. जुळणी कच्च्या आकड्यांपेक्षा कमी येईल, ती खरी. डेटा एक्स्पोर्ट करायची सोय तुमच्या प्लॅनमध्ये नसेल तर सगळी फाइल नको, एकाच वेळेच्या, समजा सर्व्हरच्या 15:30 च्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या सकाळी 8:30 च्या, मागच्या वीस दिवसांच्या कँडल हाताने उतरवा. कंटाळवाणं आहे पण तासाभरात होतं.

मग एक पाऊल पुढे. टिक आणि *रेंज* यांची जुळणी काढा, म्हणजे `K` आणि `M`. ही बहुतेक वेळा टिक आणि `6E` व्हॉल्युमच्या जुळणीच्या जवळपास किंवा त्याहून जास्त येते, आणि इथेच सगळी गोम आहे. टिक म्हणजे भाव बदलल्याची संख्या, भाव लांब गेला की वाटेत जास्त वेळा बदलणारच. म्हणजे मोठ्या कँडलखाली मोठा दांडा दिसला तर तुम्हाला कँडलबद्दल नवीन काहीच कळलेलं नसतं, तीच गोष्ट दुसऱ्यांदा दिसलेली असते. "भाव वर गेला आणि व्हॉल्युमने दुजोरा दिला" यातला दुजोरा बराचसा भावाने स्वतःच स्वतःला दिलेला असतो.

सावध: `6E` चे कॉन्ट्रॅक्ट मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरमध्ये संपतात आणि संपायच्या आधीच्या दिवसांत सगळे पुढच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये सरकतात. त्या आठवड्यात `6E1!` चं व्हॉल्युम कोसळलेलं दिसेल, बाजार तेवढाच चालू असूनही. तेवढे दिवस `6E1!` आणि `6E2!` ची बेरीज घ्या, नाहीतर ते दिवस सोडा. येनच्या जोडीवर हे करणार असाल तर `6J` मध्ये भाव उलटा असतो हे लक्षात ठेवा, व्हॉल्युमला फरक पडत नाही पण दिशा वाचताना गोंधळ होतो.

## टप्पा 5: टिक आणि रेंज यांचं भांडण शोधा

कामाचं जे काही आहे ते इथे. `K` आणि `M` दोन्ही मोठे, किंवा दोन्ही लहान, अशा कँडल सोडून द्या. बघायचं ते दोघांचं पटत नाही तिथे.

उदाहरण म्हणून आकडे धरू. 15:30 च्या पंधरा मिनिटांचे नेहमीचे टिक 2400 आणि नेहमीची रेंज 11 पिप. आज बातमी नसताना भाव आदल्या दिवसाचा हाय तोडून वर गेला, टिक 3600, रेंज 22 पिप. चार्टवर दांडा दणदणीत दिसतो, आणि ग्रुपवर लगेच "व्हॉल्युम ब्रेकआउट" सुरू होतं. पण `K` आहे 1.5 आणि `M` आहे 2. नेहमी एका पिपला 218 टिक लागायचे, आज 164 च लागले. म्हणजे भाव नेहमीपेक्षा *सहज* वर गेला. सहज जाण्याचे दोन अर्थ निघतात: समोर विकणारे कमी होते, किंवा एखादी मोठी ऑर्डर झटक्यात वर खेचून गेली. यातलं कुठलं हे टिकवरून कळत नाही, मग `6E` उघडायचं. तिथे त्याच कँडलचं व्हॉल्युम नेहमीच्या अडीच-तीनपट असेल तर खरा पैसा आला होता. तिथेही दीडपटच असेल तर पोकळीतून भाव उडालाय, आणि असे ब्रेकआउट परत आत आले तर मला नवल वाटत नाही.

आता उलटी बाजू, टिक जास्त आणि रेंज कमी. समजा 3600 टिक आणि 9 पिप. याला लोक "मोठे प्लेयर माल गोळा करतायत" म्हणतात. असू शकतं. पण हेच चित्र कोट नुसते लुकलुकण्यानेही तयार होतं, भाव अर्धा पिप वर, अर्धा पिप खाली, सौदा शून्य. पुरवठादारांची कॉम्प्युटरं एकमेकांचे भाव बघून आपले भाव बदलतात, त्याला सौदा व्हावा लागतच नाही. म्हणून इथेही `6E` न बघता काही ठरवू नका.

आणि तिसरी बाजू सगळ्यात घातक, कारण ती या तक्त्यात दिसतच नाही.

## टप्पा 6: जिथे टिक गप्प आणि पैसा प्रचंड, ती जागा ओळखा

स्विस नॅशनल बँकेने 6 सप्टेंबर 2011 ला जाहीर केलं की युरो 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही, हवे तेवढे युरो विकत घेऊ. 2012 च्या एप्रिलपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत युरो-फ्रँकचा भाव 1.2010 च्या आसपास चिकटून बसला होता. चार्ट अक्षरशः सरळ रेघ. भाव हलत नाही म्हणजे टिक कमी, म्हणजे टिक व्हॉल्युम बघणाऱ्याला वाटणार की या जोडीत कुणालाच रस नाही, बाजार मेलाय. प्रत्यक्षात त्या 2012 सालात बँकेने 188 अब्ज फ्रँकची परकी चलनं विकत घेतली. सगळं जग युरो विकत होतं, आणि एक खरेदीदार एकाच भावाला ते सगळं गिळत होता. खरी उलाढाल अफाट, टिक नगण्य.

याचं कारण समजून घ्या म्हणजे दुसरीकडेही ओळखता येईल. मोठी लिमिट ऑर्डर एका भावाला उभी असली की येणारा प्रत्येक सौदा तिच्यावर आपटून तिथेच विरतो, सर्वात वरचा बिड बदलत नाही, आणि बिड-आस्क न बदलता झालेल्या सौद्याचा टिक तुमच्यापर्यंत येतच नाही. शेअरबाजारात अशा जागी भाव थांबलेला आणि व्हॉल्युमचा डोंगर दिसतो, तीच तर व्हॉल्युम बघण्याची मुख्य मजा. टिक व्हॉल्युममध्ये नेमकी हीच खूण पुसली जाते.

मग 15 जानेवारी 2015 ला स्विस बँकेने ती मर्यादा अचानक काढली. काही मिनिटांत युरो पॅरिटीच्याही, म्हणजे एका फ्रँकच्याही खाली गेला. तेव्हा टिक दिसले, पण भाव देणारे बाजूला झाल्यामुळे त्या भावांवर सौदा करायला मिळत नव्हता, स्टॉप लावलेल्यांचे स्टॉप कुठल्या कुठे भरले गेले. म्हणजे पैसा होता तेव्हा टिक नव्हते आणि टिक आले तेव्हा हातात घ्यायला भाव नव्हता.

आपल्याकडे डॉलर-रुपयात हेच लहान प्रमाणात होत असतं. रिझर्व्ह बँक एखाद्या पातळीला डॉलर विकत उभी राहिली की भाव दिवसचे दिवस पैशा-दोन पैशांत घुटमळतो. बँकेने किती विकले ते तिच्या मासिक बुलेटिनमध्ये नंतर येतं, टिकमध्ये त्या दिवशी काहीच येत नाही. डॉलर-रुपया बघायचाच असेल तर एनएसईच्या फ्युचर्सचे कॉन्ट्रॅक्ट आणि ओपन इंटरेस्ट बघा, 1000 डॉलरचा एक लॉट, आकडा खरा असतो. फक्त 2024 मध्ये करन्सी एक्स्पोजर असल्याशिवाय इथे सौदे करायचे नाहीत हा नियम रिझर्व्ह बँकेने ठामपणे लागू केल्यावर उलाढाल खूप उतरली, त्यामुळे मे 2024 च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका रांगेत ठेवू नका.

तपासणी: भाव एखाद्या गोल आकड्याला किंवा जाहीर केलेल्या मर्यादेला टेकून बसलाय, `M` सतत 0.5 च्या खाली आणि `K` ही खाली, असं दिसलं की "बाजार शांत आहे" असं लिहू नका. "टिकवरून सांगता येत नाही" असं लिहा आणि फ्युचर्स उघडा.

## टप्पा 7: काही वेळा सरळ झाकून टाका

काही वेळा अशा आहेत की तिथे टिक व्हॉल्युम वाचायचंच नाही, शीटमध्ये त्या कँडलचा आकडा कोरा ठेवायचा.

न्यूयॉर्कच्या 5 नंतरचा तास, आपल्याकडे पहाटे 2:30 किंवा 3:30 पासून. बँका तारीख बदलतात, स्प्रेड रुंदावतो, आणि सीएमई तर या तासाला बंदच असते. तुमच्या ब्रोकरच्या चार्टवर मात्र टिक पडत राहतात. यातले किती नुसते स्प्रेडचे आहेत ते बघता येतं: `Ctrl+U` मध्ये `Ticks` टॅबवरून त्या तासाचे टिक एक्स्पोर्ट करा, शेवटी `FLAGS` ची रांग असते, 2 म्हणजे बिड बदलला, 4 म्हणजे आस्क, 6 म्हणजे दोन्ही. नुसत्या 4 च्या ओळी मोजा, आणि दुपारच्या लंडनच्या तासाशी तुलना करा.

मोठ्या बातमीची पहिली दोन-तीन मिनिटं. इथे वेगळीच भानगड असते, काही ब्रोकर टिक गाळून पाठवतात, सेकंदाला ठरावीकच. त्यामुळे खरी धामधूम दहापट असली तरी तुमच्याकडे टिक एका छतावर अडकतात. ओळखायचं असं, की त्या मिनिटाच्या टिक फाइलमध्ये मिलिसेकंद बघा, दोन टिकमधलं अंतर एका ठरावीक आकड्याच्या खाली, समजा 100 च्या खाली, कधी जातच नसेल तर गाळणी लागलेली आहे. मग दोन बातम्यांची "कुठली जास्त तापली" अशी तुलना त्या ब्रोकरच्या टिकवर करू नका, दोन्ही छतालाच टेकलेल्या असणार.

सोमवारचा उघडतानाचा पहिला तास आणि लंडन किंवा न्यूयॉर्कची सुट्टी हेही झाका. सुट्टीचे दिवस मीडियनमध्येही घेऊ नका. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांनी जानेवारीतला प्रत्येक दांडा फुगलेला दिसतो तो यामुळेच.

लंडनच्या दुपारी 4 च्या फिक्सिंगची कँडल मात्र झाकू नका, वेगळी ठेवा. तो दर ठरवायची खिडकी 2015 पासून पाच मिनिटांची आहे, फंडांच्या मोठ्या ऑर्डरी तिथे ठरलेल्या वेळेला येतात, महिनाअखेरीला तर जास्तच. व्हॉल्युम खरं असतं, पण त्यात कुणाचं मत नसतं, फंडांना हेजिंगची मोजमापं जुळवायची असतात म्हणून ते घेतात किंवा विकतात. तिथला मोठा दांडा बघून दिशेचा निष्कर्ष काढू नका.

## टप्पा 8: महिन्यातून एकदा पुन्हा ताडून बघा

दुसऱ्या ब्रोकरचा डेमो याचसाठी घेतला होता. दोन्हीकडचे कच्चे आकडे कधीच जुळणार नाहीत, एकाकडे 2400 आणि दुसऱ्याकडे 900 असणं अगदी नॉर्मल, त्यावरून कुठला ब्रोकर चांगला हे ठरत नाही. भागलेले आकडे मात्र जवळपास चालायला हवेत. एकाचं `K` 2.1 आणि दुसऱ्याचं 0.9 अशा कँडल वारंवार येऊ लागल्या तर दोघांपैकी कुणाचा तरी फीड बदललाय, आणि कुणाचा ते `6E` सांगेल: फ्युचर्सच्या व्हॉल्युमशी ज्याची जुळणी मागच्या महिन्यापेक्षा घसरलीय तो. त्याचा मीडियन पुसून नव्याने वीस दिवस भरू द्या, आणि बॅकटेस्ट करत असाल तर टेस्टरमध्ये `Every tick based on real ticks` निवडलंय का तेही बघून घ्या, नुसत्या `Every tick` मध्ये टिक एक मिनिटाच्या कँडलवरून बनवलेले असतात, खरे आलेले नाहीत.